छापायला स्वस्त, सुकायला जलद

प्रिंटर घ्यायला म्हापशाच्या दुकानात गेलं की विक्रेता पहिलं वाक्य तोंडपाठ म्हणतो, "पानाला दहा पैसे." बाटलीतून शाई भरायच्या इंकटँकबद्दल हे खरंच आहे. पण वर्षाला किती पानं छापणार, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

मी घरगुती हिशेब मांडतो: महिन्याला 25 पानं. आधारच्या प्रती, शाळेचा प्रकल्प, बिलं. तीन वर्षांत 900 पानं. कार्ट्रिजवाला इंकजेट 3,500 ला, पानाला 5 रुपये, एकूण 8,000. इंकटँक 12,000, शाईचे 90 रुपये. लेसर 13,000, सोबतचा टोनर 700 पानांना पुरतो असं धरलं, तर वर एक नवा, 1,500 चा. म्हणजे पानाला सगळ्यात महाग तोच कागदावर सगळ्यात स्वस्त! (हे आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही दुकानातले घाला. आणि कंपनीचं 'पान' म्हणजे पाच टक्के शाईचं पान. मुलांच्या प्रकल्पातला गणपती त्या हिशेबात बसत नाही.)

पण हिशेबात चतुर्थी धरलेली नसते. घर बंद करून सगळे मूळ गावी जातात, प्रिंटर एकटा राहतो आणि शाई छापणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत, म्हणजे नोझलमध्ये सुकते. इंकजेटच्या अनेक मॉडेलांत हेड कार्ट्रिजमध्येच असतं, नवं कार्ट्रिज घातलं की सुटका. अनेक टँकमध्ये हेड यंत्राचा भाग. ते गेलं तर नव्या प्रिंटरचा विचार सुरू होतो.

सुकण्याचं मोठं कारण भिंतीवरचा स्विच. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन रबरी टोपीखाली बसतं. छापताना मध्येच स्विच बंद केला किंवा वीज गेली की ते उघडंच राहतं, आणि पावसाळ्यात वीज जाण्याला आपल्याकडे निमित्त लागत नाही. वीज आली की प्रिंटर चालू करून बटणाने बंद करायचा. आठवड्याला एकदा नोझल चेक छापायचा. रेघा तुटक आल्या तर एकदा हेड क्लीनिंग, मग पुन्हा चेक. दोन-तीनदा करूनही तुटक असतील तर हात आवरायचा आणि बारा तास थांबायचं. क्लीनिंगची शाई तळाच्या स्पंजमध्ये जाते, आणि तो भरला की प्रिंटर संपावर जातो.

लेसरचा टोनर म्हणजे पूड, ती सुकत नाही. लेसरचं दुखणं जून ते सप्टेंबरमधलं: ओला कागद. पूड कागदावर वितळवून चिकटवणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेने ओलाव्याची वाफ होते, पान पापडासारखं वळतं आणि अडकतं. रीम पिशवीत घट्ट बंद ठेवून ट्रेमध्ये वीसेक पानं ठेवली की भागतं. फ्यूजर तापताना झटक्यात बरीच वीज ओढतो, म्हणून लेसर इन्व्हर्टरवर लावायचा नाही.

काळंपांढरं आणि अनियमित छापणाऱ्या घराला मी लेसर सांगेन. रंग हवेत आणि आठवड्याला एक पान छापायची शिस्त आहे, तर टँक. शिस्त नसेल तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान, तिथे हेड सुकल्याची काळजी दुसरा माणूस करतो.