लाल रेषा तुमचा बंपर ओळखत नाही

"जुन्या हॅचबॅकला रिव्हर्स कॅमेरा बसवणं एकदम सोपं. रिव्हर्स लाइटच्या वायरला जोडला की झालं. रेषा कंपनीनेच सेट केलेल्या असतात, लाल रेषेपर्यंत बिनधास्त मागे घ्या. मागे वळून बघायची गरजच नाही."

हा मेसेज माझ्या मामांकडे पोचला आणि त्यांनी तो खरा मानला. मागच्या आठवड्यात ट्रॉलीतून बाहेर आलेल्या पाइपने त्यांच्या डिकीचा पत्रा चेपला. लाल रेषा अजून लांब होती, असं ते शपथेवर सांगतात, आणि ते खरंच बोलतायत!

वायरचं अर्धसत्य आधी मान्य करतो. कॅमेऱ्याला रिव्हर्स लाइटमधून १२ व्होल्ट घेणं बरोबरच आहे. पण डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायर ओढली नाही, तर ती डिकीत चिमटते आणि काही दिवसांनी चित्र लुकलुकायला लागतं.

खरा घोळ रेषांचा. त्या कॅमेऱ्यातली चिप चित्रावर काढते. कॅमेरा किती उंचीवर, किती तिरका बसलाय, बंपर किती पुढे आलाय, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. समजा, कॅमेरा जमिनीपासून १ मीटरवर असेल तर लाल रेषा ५० सेंमीवर पडते. तोच कॅमेरा त्याच कोनात ८० सेंमीवर नंबरप्लेटवर लावला, की रेषा ४० सेंमीवर येते. हे अंतरही कॅमेऱ्यापासूनचं. बंपर १० सेंमी पुढे असेल, तर उरले ३०.

त्यातही या रेषा सपाट जमिनीवर आखल्यासारख्या असतात. मामांचा पाइप जमिनीपासून ६० सेंमीवर होता. ८० सेंमी उंचीवरच्या त्याच कॅमेऱ्यापासून तो ४० सेंमीवर असताना स्क्रीनवर १ मीटर ६० सेंमीवरच्या जमिनीशी जुळतो. लाल रेषेला टेकलेला दिसेपर्यंत कॅमेऱ्यापासून जेमतेम १० सेंमी उरतात.

म्हणून बसवल्यावर बंपरपासून टेपने ५० सेंमी, १ मीटर आणि २ मीटरवर खडूने रेघा ओढा आणि स्क्रीनशी ताडून बघा. जुळत नसतील तर कॅमेऱ्याचा कोन बदला. तरीही जुळल्या नाहीत, तर बऱ्याच कॅमेऱ्यांना रेषा बंद करणारी छोटी वायरची लूप असते. कुठली ते कॅमेऱ्याच्या कागदावर बघून ती कापा आणि खडूच्या रेघा बघत स्क्रीनवर चिकटपट्टी लावा. डावं-उजवं उलटं नाही ना, तेही तेव्हाच तपासा.

वळून बघण्याबद्दल अमेरिकेचा नियम वाचा. २०१८पासून तिथे नव्या गाड्यांना मागचं दृश्य दाखवणं सक्तीचं आहे; सुमारे ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब जागेत ठेवलेले खांब स्क्रीनवर दिसतात का, हे तपासतात. रेषांची सक्ती त्यात नाही. आणि त्या जागेच्या बाहेरून, बाजूने धावत येणारं मूल चित्रात शिरेपर्यंत गाडी सरकत असते. मामांच्या गाडीचा कोन मी रविवारी बदलला, पण रिव्हर्स घेताना दोन्ही आरसे आणि मागची काच त्यांना बघायला लावतोच.