दोनशे चौदा पानं आणि एक पान सारांश

सोसायटी पुनर्विकासाला निघाली की बिल्डरच्या कराराचा मसुदा ईमेलने येतो आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फर्मान सुटतं: 'कुणीतरी वाचून एका पानात सांगा.' हे 'कुणीतरी' म्हणजे ज्याला इंग्रजी बरं येतं आणि ज्याची नाही म्हणायची हिंमत होत नाही तो. आमच्यासारख्यांची जमात प्रत्येक इमारतीत एक तरी असते.

समजा, मसुदा २१४ पानांचा आहे. मूळ करार ९६ पानांत संपतो, पुढची ११८ पानं परिशिष्टांची: नकाशे, सातबारा, जुने ठराव, फिटिंग्जची यादी. सारांशकर्ता पहिली ५८ पानं इमानेइतबारे वाचतो. मग रात्रीचा एक वाजतो. उरलेली ३८ तो चाळतो, म्हणजे ठळक शीर्षकं बघतो आणि मान डोलावतो. परिशिष्टं उघडतो, नकाशा आडवा दिसतो, मान वाकडी करतो, बंद करतो. सकाळी ग्रुपवर पडतं: 'पूर्ण करार वाचला. भाडं ताबा मिळेपर्यंत मिळणार.' सतरा अंगठे, तीन फुलांचे गुच्छ.

भाड्याचं कलम २३व्या पानावर आहे आणि तिथे अगदी तसंच लिहिलंय. पण ८१व्या पानावर, चाळलेल्या भागात, एक परिच्छेद `Notwithstanding anything contained` असा सुरू होतो. मागे काहीही म्हटलं असलं तरी आता हे धरा, असा त्याचा रोख. परवानग्यांना उशीर झाला तर तीस महिन्यांनंतर भाडं बंद, असं तिथे आहे. करारात नंतरचं पान आधीच्याला मुकाट्याने रद्द करू शकतं. त्यामुळे 'साठ टक्के वाचला' हे वाक्य ऐकायला भारदस्त असलं, तरी त्यातून काहीच कळत नाही. न वाचलेल्या चाळीस टक्क्यांत वाचलेल्या साठांचा निकाल लागलेला असू शकतो.

काही हुशार मंडळी म्हणतात, सगळं कशाला वाचायचं, शब्द शोधायचा. मग ते `rent` टाइप करतात. मशीन इमानदार, ते `current`, `different` आणि `parent` सुद्धा काढून देतं. खरं भाडं मात्र करारात `transit compensation` या नावाने नांदत असतं, कारण व्याख्यांच्या पानावर त्याचं बारसं तसं झालेलं. आणि परिशिष्टं जर नुसती स्कॅन केलेली चित्रं असतील, तर शोध तिथे पोचतच नाही. शून्य निकाल आला की लोक 'करारात नाही' असं ठोकून देतात. स्कॅन आहे की नाही हे कळायला त्या पानावरची एक ओळ माउसने निवडून बघावी. अक्षरं निवडली जात नसतील, तर ते पान डोळ्यांनीच वाचावं लागतं.

म्हणून सारांशाच्या डोक्यावर, शेवटी नव्हे, हा मजकूर हवा:

'१२ तारखेला आलेला मसुदा. पानांचे आकडे पीडीएफचे, छापलेले नव्हेत. १ ते ५८ पूर्ण वाचली. ५९ ते ९६ फक्त चाळली, त्यातलं ८१वं पूर्ण वाचलं. परिशिष्टं वाचलेली नाहीत, नकाशे समजत नाहीत. दंड, वाद आणि करार मोडण्याची कलमं ५९ ते ९६ मध्ये आहेत, ती सारांशात नाहीत. पार्किंगबद्दल वाचलेल्या पानांत काही सापडलं नाही.'

पीडीएफचे आकडे मुद्दाम, कारण अनुक्रमणिकेची सहा पानं रोमन आकड्यांत असली की छापलेलं ७५ म्हणजे पीडीएफचं ८१ होतं आणि मीटिंगमध्ये निम्मी सोसायटी भलतंच पान उघडून भांडते. मसुद्याची तारीख अशासाठी, की बिल्डरचा वकील आठवड्याने सुधारित प्रत पाठवतो आणि फाइलचं नाव तेच ठेवतो.

शेवटचं वाक्य जपून लिहायचं. 'पार्किंग नाही' आणि 'मला सापडलं नाही' यांत गाडीएवढं अंतर आहे. तसंच, वगळलेल्या गोष्टींत दोन जाती असतात. ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी आपण वाचून सोडतो, ती कुणी विचारली तर सांगता येते. दंडाचं कलम आपण न वाचता सोडलेलं असतं. दोन्हींना 'इतर तरतुदी' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, सगळा ग्रॅनाइटच असेल.

राहता राहिला व्हॉट्सॲपचा प्रश्न. लांब मेसेज तिथे मध्येच दुमडला जातो आणि खालचा भाग उघडायचे कष्ट फार थोडे घेतात. शिवाय दुसऱ्या मजल्यावरचे काका आपल्याला आवडलेलं वाक्य तेवढं उचलून भाचेजावयांना पाठवतात. तेव्हा अट वेगळ्या ओळीत न ठेवता वाक्यातच शिवून टाकावी: 'पान २३ नुसार भाडं ताब्यापर्यंत, पण पान ८१ नुसार परवानग्यांना उशीर झाल्यास तीस महिन्यांपर्यंतच.' आता काकांनी अर्धं वाक्य तोडलं तर तो त्यांचा पराक्रम. आणि ५९ ते ९६ पानं कोण वाचणार, हे त्याच मेसेजमध्ये विचारून टाकावं. ग्रुप दोन दिवस शांत राहतो, मग सेक्रेटरी वकिलांची फी विचारायला घेतात.