चारशे रुपयांनी स्वस्त विमा नेमका कशात स्वस्त असतो?

"कोणती कंपनी कमी लावते थे सांग न भाऊ." जून आला की दिवसभर हाच प्रश्न. पेरणीचे दिवस, बी-बियाण्यात पैसा अडकलेला, आणि नेमका तेव्हाच दुचाकीचा विमा संपतो. माणूस कमीच बघणार, त्यात त्याचं चुकत नाही. मी तालुक्याला विम्याची आणि आरटीओची कागदपत्रं करून देतो. कमिशन प्रीमियमवर मिळतं हेही लपवत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, हिशेब स्वतः करून पाहा.

आधी एक गैरसमज. नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, सक्तीनं निघतो. शोरूमच्या कागदावर पाच वर्षांनंतरची तारीख दिसते आणि आपण निर्धास्त होतो. पण बहुतेक पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, फक्त पहिल्या वर्षापुरतं असतं. दोन्हींच्या तारखा वेगळ्या छापलेल्या असतात, कागद काढून बघा. शिवाय थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, कंपनी कोणतीही असो. म्हणजे दोन कोटेशनमध्ये जो फरक दिसतो तो ओन डॅमेजमधून आणि त्याला जोडलेल्या कव्हरमधूनच येतो.

आता एक गाडी घेऊ. १२५ सीसी, शोरूमची किंमत ९० हजार, दोन वर्षं पूर्ण झालेली, एकही क्लेम नाही. थर्ड पार्टी भरलेलं आहे, फक्त ओन डॅमेज काढायचंय. पहिलं कोटेशन ४२७ रुपये, दुसरं ८५६. दोन्हींत जीएसटी धरलाय. आकडे समजण्यापुरते आहेत, पण रोज टेबलावर येतात त्याच्या जवळपासचेच. शंभरातले नव्वद लोक ४२७ वर बोट ठेवतात.

पहिल्यात आयडीव्ही, म्हणजे कंपनीनं धरलेली गाडीची किंमत, ४८ हजार आहे. दुसऱ्यात ६३ हजार. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणजे ६३ हजारच बरोबर. पहिल्यानं किंमत पाडली म्हणून प्रीमियम पडला, एवढीच त्यातली हुशारी. गाडी बाजाराच्या दिवशी चोरीला गेली तर थेट १५ हजार कमी हातात येतील.

किरकोळ दुरुस्तीला मात्र आयडीव्ही कमी असल्यानं कात्री लागत नाही. फरक पडतो तो मोठ्या अपघातात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ४८ हजारांत ही रेषा ३६ हजारांवर येते, ६३ हजारांत ४७ हजारांच्या पुढे जाते. ४० हजारांच्या बिलात ६३ हजारवाल्याची गाडी दुरुस्त होऊन येईल, ४८ हजारवाल्याची कागदावर भंगारात निघेल.

पण आपल्याकडे चोरीपेक्षा भीती रोह्याची, म्हणजे नीलगाईची, आणि रानडुकराची. संध्याकाळी दारव्हा-दिग्रसकडच्या कोणत्याही रस्त्यानं या, तुरीतून कधी काय आडवं येईल सांगता येत नाही. अशा अपघातात समोर दुसरी गाडीच नसते, भरपाई मागायची कोणाकडे? थर्ड पार्टी विमा इथं गाडीसाठी एक रुपया देत नाही. कामाला येतं ते फक्त ओन डॅमेज.

समजा रोही धडकला आणि बिल १०,५०० झालं. व्हायझर, हेडलाइट, मडगार्ड, इंडिकेटर असा प्लास्टिकचा माल ५,२००. फोर्क, हँडल असा लोखंडी माल ४,०००. मजुरी १,३००. साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर निम्मा घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर या वयाच्या गाडीला १५ टक्के. म्हणजे मिळणार २,६०० अधिक ३,४०० अधिक १,३००, त्यातून सक्तीची वजावट १०० रुपये. हातात ७,२००, खिशातून ३,३००. दुसऱ्या कोटेशनमध्ये झिरो डेप आहे, त्यात घसारा कापत नाहीत. तिथं १०,४०० मिळतील. आजकालच्या गाडीचं पुढचं तोंड सगळं प्लास्टिकचंच असतं, म्हणून हे एक ॲड-ऑन मी आग्रहानं सांगतो. फक्त वर्षाला किती क्लेम चालतात ते विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. आणि गाडी पाच वर्षांपुढे गेली की ते मिळणं अवघड होतं.

बाकीच्या ॲड-ऑनचं फार मनावर घेऊ नका. रोडसाइड असिस्टन्स घ्यायचं तर आपल्या गावापर्यंत माणूस येतो का, किती किलोमीटरची अट आहे, एवढं आधी विचारा.

आता नो क्लेम बोनस. पहिल्या क्लेम नसलेल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या रकमेवर असते. आपल्या उदाहरणात २५ टक्के म्हणजे साधारण १५८ रुपये, बस. लोक मात्र बोनस जाईल म्हणून नऊ-दहा हजारांचं बिल खिशातून भरतात, तेव्हा मला खरंच राग येतो. या गाडीवर क्लेम केला तर पुढच्या वर्षी ३५ टक्क्यांऐवजी शून्य, मग पुन्हा २० पासून चढत जायचं. पुढची पाच वर्षं मिळून तोटा सहाशेच्या आसपास भरतो. कारची गोष्ट वेगळी, तिथं रक्कम मोठी असते. दुचाकीवर पाच-सातशे रुपयांच्या आरशासाठी क्लेम करू नका, पण हजारांतलं बिल असेल तर बिनधास्त करा.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असूनही फॉर्ममध्ये 'क्लेम नाही' असं भरून काही जण प्रीमियम खाली आणतात. गिऱ्हाईक खूश. पण कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची खात्री करते आणि नेमकी क्लेमच्या वेळी ही लबाडी बाहेर येते. सही तुमची असते, भरणाऱ्याची नाही. म्हणून कोटेशनवरचा बोनसचा टक्का आपल्या जुन्या पॉलिसीशी ताडून पाहा. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला लागत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. आणि विमा संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस शून्य होतो. पेरणीत राहिलेलं काम पोळ्यानंतर करू म्हणणाऱ्यांचं नेमकं असंच होतं.

तुमच्या तालुक्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन कोणत्या कंपनीचं कॅशलेस चालतं ते विचारा. ते न विचारता पॉलिसी घेतली तर आधी बिल स्वतः भरा आणि मग पैशांची वाट पाहा, असा प्रकार होतो.

गाडी दहा-बारा वर्षांची असेल, किंमत पंधरा हजारांवर आली असेल, तर ओन डॅमेजचा आग्रह मीही धरत नाही. थर्ड पार्टी भरा आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर तेवढं कोटेशनमधून काढू देऊ नका. तेही कमी करून 'स्वस्त' दाखवतात. कोणाला आपलं कोटेशन दाखवायचं असेल तर त्यासोबत गेल्या वर्षीच्या पॉलिसीचाही फोटो टाका. नुसत्या प्रीमियमच्या आकड्यावर मला काहीच सांगता येत नाही.