मुख्याध्यापकांच्या सहीवर उगवलेला सूर्य

माझा शाळा सोडल्याचा दाखला ‘अस्पष्ट’ असा शेरा मारून एका सरकारी पोर्टलने परवा परत पाठवला. तो दाखला अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या मुलाने आपल्या फोनवर टिपला होता आणि त्याचे रीतसर पैसेही घेतले होते. तरी खिडकीशी उभे राहून बोलणी खाण्याचा मान शेवटी अर्जदाराचाच. खिडकीतल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझे नाव होते, शाळेचा अर्धा शिक्का होता, आणि जन्मतारीख व मुख्याध्यापकांची सही यांच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा तळपत होता. “जन्मतारीख कुठे आहे यात?” बाईंनी विचारले. “गोळ्याखाली,” असे मी सांगितले. उत्तर खरे असूनही त्यांना ते आवडले नाही.

हा गोळा म्हणजे फोनचा फ्लॅश. कागद जपून राहावा म्हणून वडिलांनी दाखल्याला लॅमिनेशन करून ठेवले होते, आणि लॅमिनेशनचे प्लास्टिक आरशासारखेच वागते. फ्लॅशचा दिवा लेन्सच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे फोन कागदावर सरळ धरला की प्लास्टिकवर पडलेला झोत आल्या वाटेने थेट लेन्समध्येच परततो. साध्या कागदावर असा गोळा उमटत नाही, पण तिथेही मधला भाग उजळतो आणि कोपरे काळवंडतात. तेव्हा कागदपत्रे टिपताना फ्लॅश ‘ऑटो’वर न सोडता पक्का बंद करावा, एवढीच गोष्ट. ती त्या मुलाला ठाऊक नव्हती, आणि माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांना तर ती मान्यच नव्हती.

हे गृहस्थ निवृत्त होते, सफारीत होते आणि त्यांच्याकडे १०८ मेगापिक्सेलचा फोन होता. ही तिसरी गोष्ट त्यांनी आपल्या नावाच्या आधी सांगितली. “आणा इकडे,” म्हणत त्यांनी दाखला माझ्या हातातून काढूनच घेतला, बाकावर ठेवला आणि फ्लॅश सुरू केला.

“अहो काका, फ्लॅशमुळेच तर बिघडलंय,” मी म्हणालो.

“त्याचा फ्लॅश हलका असेल. हा एकशेआठचा आहे.”

एकशेआठच्या फ्लॅशने पहिल्यापेक्षा मोठा सूर्य उगवला, आणि छतावरच्या ट्यूबलाइटची एक तिरपी रेघही सोबत आली. गोळा चुकवण्यासाठी काकांनी मग फोन तिरका केला. गोळा सरकला खरा, पण दाखल्याची वरची कड आखूड आणि खालची लांब झाली.

मी दाखला उचलून व्हरांड्यातल्या खिडकीपाशी नेला. उजेड डोक्यावरून न येता बाजूने आला, की त्याची तिरीप प्लास्टिकवर आपटून पलीकडच्या बाजूला निघून जाते आणि लेन्सच्या वाटेला येत नाही. दाखल्याखाली मी माझी काळी बॅग आडवी ठेवली, कारण पांढऱ्या फरशीवर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडा स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपला नीट सापडत नाहीत. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांची जाळी, सुरू केली. काका माझ्या खांद्यावरून पाहत होतेच.

“ही जाळी कसली?”

“कागदाच्या कडा या रेषांना समांतर दिसल्या की फोन सरळ आहे असं समजायचं.”

“आणि ती दाखल्यावर उमटली म्हणजे? रद्द केलेल्या चेकवर मारतात तशा रेघा दिसतील. बाईंना वाटेल, दाखला रद्द झालाय!”

जाळी फक्त पडद्यावर दिसते, फोटोत येत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि रांगेतल्या पुढच्या दोघांना ‘हे साहेब दाखल्यावर रेघा मारतायत’ अशी खबर दिली. त्यातले एक जण खरोखर पाहायला आले. त्यांची सावली दाखल्यावर पडली, म्हणून मी त्यांना बाजूला व्हायला सांगितले, तर ते दुखावले.

फोटो निघाला आणि काकांनी मुद्द्याला हात घातला. “किती मेगापिक्सेल?” मी म्हणालो, बारा. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी निखळ करुणा दाटून आली.

खरे तर बारा पुष्कळ होतात. ए-फोर कागद ११.६९ इंच लांब असतो आणि बारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० ठिपक्यांची असते. कागदाने चौकटीची नव्वद टक्के लांबी व्यापली, तर त्याच्या वाट्याला ३६०० ठिपके येतात, म्हणजे इंचामागे तीनशेहून थोडे अधिक. बारीक छापील अक्षर वाचायला एवढे पुरते. अट एवढीच की फोटो ४:३ या प्रमाणातच काढावा, कारण पडदाभर दिसणाऱ्या लांबट प्रमाणात बहुधा कडेचे ठिपके कापले जातात. काकांचा फोन तरी नेहमी एकशेआठ कुठे वापरत होता? असे फोन एरवी नऊ-नऊ ठिपक्यांचा एकेक करून बाराच मेगापिक्सेलचा फोटो देतात. हे मी काकांना सांगितले नाही. निवृत्त माणसाकडून सगळेच काढून घेऊ नये.

त्यांनी मात्र पूर्ण एकशेआठवर माझा दाखला टिपला आणि पीडीएफ हवी म्हणून फोटोच्या नावातले .jpg खोडून .pdf असे लिहिले. पोर्टलने ती फाइल नाकारली, आणि या एका बाबतीत मी पोर्टलच्या बाजूने आहे. खऱ्या पीडीएफची सुरुवात %PDF या अक्षरांनी होते. नुसते आडनाव बदलून आतला फोटो बदलत नाही. मी माझा फोटो गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनच्या सोयीत घातला होता, त्यामुळे दाखल्याच्या कडेबाहेरचे कापले जाऊन तो थेट पीडीएफ म्हणूनच जतन झाला. त्यात ‘कृष्णधवल’ हा पर्याय मी टाळला. तो निवडला की शिक्क्याची फिकट जांभळी शाई कागदाच्या पांढऱ्यात विरून जाते, आणि मग शिक्का कुठे आहे, हा नवा प्रश्न खिडकीतून येतो.

आता माझा खरा राग. कागद ‘सुस्पष्ट व सुवाच्य’ असावा, असे त्याच पोर्टलवर ठळक अक्षरांत लिहिले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत फाइल ५०० केबीच्या आत असावी, असेही लिहिले आहे. माझी पीडीएफ दोन एमबीची झाली होती. ती इंचामागे दोनशे ठिपक्यांवर आणली, तेव्हा ४१० केबी झाली आणि अक्षरे तरीही वाचता येत राहिली. दोनशेवर थांबायचे, हे सांगणारी एक ओळ त्या सूचनांत घातली असती, तर लोकांनी आपले दाखले चिरडून चिरडून धुरकट केले नसते आणि तेच दाखले धुरकट म्हणून परत आले नसते. पण मर्यादा ठरवणाऱ्याने स्वतःचा दाखला कधी चढवलेला नसतो.

फाइल स्वीकारली गेली. संध्याकाळी फोनवर संदेश आला: ‘आपले कागदपत्र सुस्पष्ट आहे. पडताळणीसाठी मूळ प्रतीसह कार्यालयात उपस्थित राहावे.’