माझ्या नावावरची नऊ माणसं

आईला नवा फोन घेतला, त्यात घालायला सिम हवं होतं. आधार कार्ड घेऊन मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो, पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर काउंटरवरच्या पोरीने स्क्रीनकडे बघून खणखणीत आवाजात सांगितलं, "सर, नाही देता येणार. तुमच्या नावावर ऑलरेडी नऊ आहेत."

नऊ काय, ते तिने सांगितलं नाही. त्यामुळे मागच्या रांगेला आपापली कल्पनाशक्ती वापरायला मोकळं रान मिळालं.

माझ्या मागे एक काका होते. हातात कापडी पिशवी. न मागता लागलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापले म्हणून भांडायला आले होते. ते स्वतःचं भांडण विसरून पुढे सरकले.

"नऊ?" काका म्हणाले. "काय करता हो तुम्ही?"

"नोकरी करतो."

"तसं नव्हे. नऊ फोनांचं काय करता?"

"माझ्याकडे दोनच आहेत."

"मग सात कोणाला दिलेत?" काकांनी लगेच वजाबाकी केली. "आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत असाच एक होता. शांत माणूस, येताजाता नमस्कार करायचा. एके दिवशी पोलीस आले."

"अहो काका, घरच्यांचे नंबर असतात ना आपल्या नावावर. बायको, मुलं..."

"किती मुलं?"

"दोन."

"म्हणजे पाच झाले," काका रांगेला उद्देशून म्हणाले. मागून एकीने "सासू धरा" अशी मदत केली. सासूबाई खरंच होत्या, सहा. सातवा आठवायला मला घाम फुटला. मग आठवलं: मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना वॉचमनच्या फोनचं सिम माझ्या नावावर घेतलं होतं. सेक्रेटरीपद गेलं, वॉचमन तीन बदलले, सिम गेटवरच आहे.

"सात!" काका म्हणाले. "अजून दोन. आठवा, आठवा." केबीसीला बसल्यासारखं वाटत होतं, फक्त बक्षीस नव्हतं. उलट दंड होता, तोही काकांनाच पाठ: "नऊच्या वर गेलात तर पहिल्यांदा पन्नास हजारापर्यंत, नंतर दोन लाख. नवा कायदा आलाय." दुर्दैवाने हे खरं आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यात तसंच आहे. सगळ्या कंपन्या मिळून एका माणसाला नऊ, आणि जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडे तर सहाच. मी नऊच्या वर नव्हतो, नऊवर होतो. पण हा फरक त्या रांगेला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. आईच्या फोनचा डबा काखेत मारून घरी आलो.

माझा खरा राग काकांवर नाही. माझ्या नावावर काय काय चालू आहे हे एका अनोळखी पोरीला तिच्या स्क्रीनवर दिसतं आणि मला माहीत नाही, याचा आहे. घरी येऊन शोधलं तर कळलं की मलाही दिसतं, कोणी सांगितलेलं नसतं इतकंच. sancharsaathi.gov.in ही दूरसंचार विभागाची साइट. त्यात Know Mobile Connections in Your Name असं एक दार आहे. आपला मोबाईल नंबर टाकायचा, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं उतरवायची, ओटीपी टाकायचा, बस. आधार क्रमांक विचारतच नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तुमच्या नावावरची सिम तपासा' म्हणून एखादी लिंक आली आणि तिने आधार क्रमांक मागितला, तर ती कोणा दुसऱ्याची दुकानदारी समजायची. आणखी एक गोम म्हणजे यादी दिसते ती त्या नंबरच्या कागदोपत्री मालकाची. बायकोने हौसेने स्वतःच्या नंबरावरून बघितलं, तर तिलाही माझीच नऊ दिसली. "म्हणजे माझ्या नावावर काहीच नाही?" हा वेगळा विषय त्या रात्री निघाला आणि अजून मिटलेला नाही.

यादीत नंबरांचे मधले आकडे फुल्यांनी झाकलेले असतात. उरलेल्या आकड्यांवरून आपला कोण, परका कोण ते ओळखायचं. प्रत्येकापुढे तीन पर्याय: Required, म्हणजे माझा आहे, राहू दे. Not Required, म्हणजे माझाच होता, आता नको. Not My Number, म्हणजे याच्याशी माझा संबंध नाही. शेवटच्या दोघांत गल्लत करू नये. वॉचमनचं सिम मी घेतलेलं होतं, म्हणून ते Not Required. (ते मी लगेच केलं नाही. आधी सोसायटीला पत्र दिलंय. ते पुढच्या सभेत 'विचारार्थ' घेणार आहेत.) उरलेल्या दोन अनोळखी नंबरांना मात्र फाडकन Not My Number लावलं, रिपोर्ट केलं, तक्रारीचा क्रमांक आला. त्यावरून पुढे काय झालं ते तिथेच बघता येतं. त्यानंतर कंपनी त्या नंबरवाल्याला पुन्हा पडताळणी करायला सांगते. तो आला नाही, तर नंबर बंद.

ते सिम कुठल्या दुकानातून, कोणत्या तारखेला घेतलं, हे ती यादी सांगत नाही. पण माझा संशय पक्का आहे. तीनेक वर्षांपूर्वी गावाकडच्या एका टपरीवर मी सिम घेतलं होतं. पोऱ्या म्हणाला, "ठसा उमटला नाही, परत द्या." मी परत दिला. वर बोट शर्टाला पुसून दिलं, म्हणजे नीट यावा! पहिल्या ठशाचं एक सिम, दुसऱ्या ठशाचं दुसरं. आधारच्या साइटवर आपलं आधार कधी कुठे वापरलं गेलं याची नोंद दिसते, पण ती गेल्या सहा महिन्यांचीच. तीन वर्षांपूर्वीचं बोट कुठे गेलं ते आता शोधता येत नाही. आता मी बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. काम असेल तेव्हा उघडतो. चोर गेल्यावर कडी लावण्यात आमचं घराणं जुनं.

हे सगळं करून मी आठवडाभर ऐटीत होतो. काल रात्री गावाहून दादाचा फोन आला.

"अरे, मोटरीला काय झालंय बघ. फोन लावतोय तर उचलत नाही."

विहिरीवरच्या मोटरीला ऑटो स्टार्टर बसवलाय. त्यात सिम असतं, घरून फोन लावला की मोटर सुरू होते. आणि दादाचे ठसे मातीकामाने झिजलेले, मशीन घेत नाही, म्हणून त्या टपरीवर ते सिम माझ्या नावावर... मी यादी उघडली. "दादा, मोटरीचा नंबर सांग." दिसणारे आकडे जुळले.

पडताळणीचा मेसेज आला असणारच. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत, अंधारात, मोटरीला. तिने वाचला नसावा.

"आता काय करायचं?" दादाने विचारलं. "ऊस तहानलाय."

आता मी आधार घेऊन उद्या त्याच दुकानात जाणार आहे आणि गेल्या आठवड्यात जो माझा नव्हता तो नंबर माझाच आहे असं सांगणार आहे. सकाळी लवकर जाईन म्हणतो. काकांची कॉलर ट्यून अजून बंद झाली नसेल.