शाफ्टमधला एक्झॉस्ट: झडप आणि पाइपची लांबी

“एक्झॉस्टचा पाइप शाफ्टमध्ये सोडला की काम झालं. फॅनला झडप असतेच, पाइप कितीही लांब चालतो.”

हे खरं नाही. बाथरूमचे साधे पात्यांचे फॅन हवा भरपूर हलवतात, पण त्यांचा दाब फार कमी असतो. १०० मिमीच्या अशा फॅनला चार मीटर सुरकुत्यांचा लवचिक पाइप आणि दोन काटकोनी वळणं दिली, तर आवाज तेवढाच येतो, वाफ मात्र आतच राहते. जाळीवर टिश्यू धरून बघा. पाइप काढल्यावर चिकटतो आणि जोडल्यावर गळून पडतो, तर दोष पाइपचा. बाहेरची भिंत जवळ असेल तर गुळगुळीत, आखूड पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन काढा, म्हणजे साचलेलं पाणी फॅनमध्ये परतत नाही. लांबी वाढणारच असेल, तर पाइपाच्या मध्येच बसणारा, जास्त दाबाचा इनलाइन फॅन लागतो. कमाल लांबी त्याच्या माहितीपत्रकात असते.

सामाईक शाफ्टमध्ये शेजाऱ्याचा फॅन सुरू झाला की त्याची हवा तुमच्या पाइपात शिरू पाहते; ती अडवायला झडप लागते. स्वतःच्या वजनाने मिटणारी झडप आडव्या पाइपात, बिजागरी वर ठेवूनच बसवावी. उभ्या पाइपात स्प्रिंगची झडप घ्या.