सोलकढी प्या, म्हणे!

«घराण्यात आतड्याचा कॅन्सर कुणाला नसेल तर जीनची टेस्ट म्हणजे निव्वळ लूट. गाठ कापून काढली, आता तिची आणखी तपासणी कशाला? त्रास नसताना कोलोनोस्कोपी करू नका, चांगलं आतडं बिघडतं. तेवढ्या पैशात वर्षभर सोलकढी प्या.»

हा फॉरवर्ड डिचोलीच्या माझ्या मावसबहिणीला आला आणि तिनं लगेच मला कळवलं, «कोलोनोस्कोपी चवथीनंतर बघू.» वय ३६. तिच्या मोठ्या भावाची, वयाच्या ४२ व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली गाठ यंदाच काढली. गाठींच्या स्लाइड रंगवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

पहिलं वाक्यच सगळ्यात घातक आहे, कारण ते शहाणपणाचं वाटतं. मावशीला आतड्याचा कॅन्सर नव्हताच. तिला ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा झाला होता, म्हणून घरात कुणी दोन्हींचा संबंध जोडला नाही. पण लिंच सिंड्रोम नावाचा जो आनुवंशिक दोष आहे तो एका अवयवाचा नसतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका राहतात, आणि त्या दुरुस्त करणारी जनुकं असतात. त्यांतलं एक जन्मापासून नादुरुस्त असलं की आतडं, गर्भाशयाचं अस्तर, अंडाशय, जठर असा कुठेही कॅन्सर उगवू शकतो. घराण्यात विचारायचं तर एवढंच विचारून भागत नाही की आतड्याचा कुणाला होता. कुणाला, कुठला आणि कितव्या वर्षी, हे विचारावं लागतं.

आता कापलेली गाठ. ती मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकते. तिचे पातळ काप घेऊन आम्ही दुरुस्तीच्या चार प्रथिनांसाठी चार स्लाइड रंगवतो. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळं राहतं. त्यांतल्या एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या दोन प्रथिनांच्या भावाच्या स्लाइडवर गाठीच्या पेशी निळ्या होत्या, पण त्यांच्याच मधल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या निरोगी पेशी, छान तपकिरी. हे तपकिरी दिसणं महत्त्वाचं: सगळंच निळं असतं तर रंग चढलाच नाही म्हणून स्लाइड पुन्हा करावी लागली असती. दोन्ही प्रथिनं एकदम का गेली? ती जोडीनं राहतात. एमएसएच-२ नसलं की एमएसएच-६ टिकत नाही.

ही जोडी गेली की जन्मजात दोषाचा संशय बळावतो. मग भावाच्या रक्तातून जीन तपासला आणि एमएसएच-२ मधला दोष सापडला. तो बहुधा मावशीकडूनच आला, ती आता तपासायला नाही. बहिणीत आणि धाकट्या भावात तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी होती. नेमका तोच एक दोष दोघांच्या रक्तात शोधायचा होता. धाकट्यात नाही, म्हणून तो सुटला, त्याला चारचौघांसारखीच तपासणी पुरे. बहिणीत आहे. मोठ्या भावाचा दोष माहीत नसता तर धाकट्याच्या 'नाही'ला काही अर्थच उरला नसता. तेव्हा सुरुवात गाठ झालेल्या माणसापासून, धडधाकट नातेवाइकांपासून नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. आतड्याचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, शंभरात साधारण तीनच लिंचचे. चारांतल्याच एमएलएच-१ ची स्लाइड निळी आली तर, विशेषतः म्हाताऱ्या माणसात, बऱ्याचदा तो जीन गाठीपुरताच बंद पडलेला असतो. तेव्हा आधी गाठीवर आणखी एक-दोन तपासण्या करतात, नातेवाइकांना लगेच पळवत नाहीत.

कोलोनोस्कोपीबद्दल: आतड्याला भोक पडण्याचा धोका आहे, पण तो हजारात एखाद्याला. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते फिनलंडच्या डॉक्टरांनी २००० साली छापलं. लिंच घराण्यांतले १३३ जण दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेत होते, ११९ जण करत नव्हते. पंधरा वर्षांत पहिल्यांत आतड्याच्या कॅन्सरनं एकही गेला नाही, दुसऱ्यांत नऊ गेले. चिठ्ठ्या टाकून केलेले गट नव्हते हे खरं, पण फरक बघा. तरी तीन वर्षांच्या अंतरातही काहींना कॅन्सर निघालेच, कारण इथे आतड्याच्या आतल्या मोडाची, म्हणजे पॉलिपची, कॅन्सरची गाठ व्हायला नेहमीची दहा वर्षं लागत नाहीत. म्हणून एमएसएच-२ वाल्यांना पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी बोलावतात. त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं तर मोड काढण्याची वेळ गेलेली असते. आणि गर्भाशय कोलोनोस्कोपीत दिसत नाही, त्यासाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वेगळं जायचंय, पाळीबाहेर रक्त गेलं तर लगेच.

राहता राहिली सोलकढी. बाय, खुशाल पी. फक्त आदल्या दिवशी नको. खोबऱ्याचा रस आतड्यात उरतो, आणि कोकमाचा लाल रंग दुर्बिणीतून रक्तासारखा दिसतो.